फोन दुसऱ्याच्या हातात देण्याआधी स्क्रीनवर एकच ॲप पिन कसं करायचं

"दादा, एक फोन लावू देता का? माझी बॅटरी गेलीय." एसटी स्टँडवर कुणी असं विचारलं की नाही म्हणवत नाही, आणि अनलॉक केलेला फोन अनोळखी हातात देववतही नाही. त्या फोनमध्ये बँकेचे मेसेज असतात, यूपीआय असतं, घरचे फोटो असतात, ऑफिसचा मेल असतो. घरात हीच गोष्ट रोज वेगळ्या रूपात घडते. आजीचा व्हिडिओ कॉल आला म्हणून फोन चार वर्षांच्या मुलाच्या हातात जातो. दोन मिनिटांनी आजीला नातवाच्या जागी छत दिसत असतं आणि नातवाने तुमच्या साहेबांना सतरा इमोजी पाठवलेले असतात.

यासाठी अँड्रॉइडमध्ये एक सोय आहे. ती २०१४ साली अँड्रॉइड ५ सोबत आली, तेव्हा तिला स्क्रीन पिनिंग म्हणत. आता बहुतेक फोनवर ती 'App pinning' किंवा 'Pin app' या नावाने दिसते. एखादं ॲप पिन केलं की तेवढंच स्क्रीनवर राहतं. होम दाबून बाहेर जाता येत नाही, दुसरं ॲप उघडता येत नाही, वरून नोटिफिकेशनचा पडदा खाली ओढता येत नाही. तेवढ्या वेळात आलेला ओटीपीही स्क्रीनच्या वरच्या पट्टीत झळकत नाही. बाहेर पडायचं तर ठरावीक खूण करावी लागते आणि त्यानंतर तुमचा पिन किंवा पॅटर्न टाकावा लागतो. ही दुसरी अट मात्र आपोआप लागू असेलच असं नाही, ती आपण चालू करायची असते. बहुतेकांचं घोडं तिथेच अडतं.

आधी घरी बसून करायची तयारी

ही सोय बऱ्याच फोनवर बंद असते. एकदा चालू केली की पुन्हा सेटिंगमध्ये जावं लागत नाही, म्हणून हे काम निवांत वेळी करून ठेवा. स्टँडवर कुणी समोर ताटकळत उभं असताना सेटिंग शोधायला गेलात तर हमखास गोंधळ होईल.

सॅमसंगवर Settings उघडा, 'Security and privacy' मध्ये जा आणि खाली 'More security settings' शोधा. थोड्या जुन्या फोनवर त्याचंच नाव 'Other security settings' असतं. त्यात 'Pin app' सापडेल. बाकीच्या कंपन्यांनी ही सोय वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवली आहे, कुणी पासवर्डच्या पानावर, कुणी जादा सेटिंगमध्ये. त्यामुळे मार्ग पाठ करत बसू नका. Settings च्या वरच्या शोधपट्टीत `pin` टाइप करा. त्यात सिम पिन, स्क्रीन लॉकचा पिन अशी इतर नावंही येतील. तुम्हाला हवं ते 'App pinning', 'Pin app' किंवा 'Screen pinning' यांपैकी एक. फोन मराठीत वापरत असाल तर 'पिन' असं टाइप करा आणि ॲप किंवा स्क्रीन पिन करण्याबद्दलची ओळ शोधा.

त्या पानावर मुख्य बटण चालू केलं की खाली आणखी एक बटण दिसतं: 'Ask for PIN before unpinning' किंवा त्याच अर्थाचं काहीतरी. तुमचं लॉक पॅटर्नचं असेल तर त्यात पॅटर्नचा उल्लेख असतो. हे दुसरं बटण चालू नसेल तर पिन करून उपयोग नाही. बाहेर पडायची खूण पिन करतानाच स्क्रीनवर लिहून येते, आणि मुलं ती तुमच्या आधी शिकतात. हे बटण चालू असलं की पिन सोडल्यावर थेट लॉक स्क्रीन येते. फोनला लॉकच लावलेलं नसेल तर अर्थातच विचारायला काही उरत नाही, म्हणून आधी लॉक लावा. घरात लहान मूल असेल तर पॅटर्नपेक्षा आकडी पिन बरा. बोट कसं फिरतं ते मुलांना एकदा बघितलं तरी लक्षात राहतं. मोठी माणसं अजूनही समजतात की त्यांचा पॅटर्न गुप्त आहे.

पिन करायचं आणि सोडायचं

जे ॲप दाखवायचं ते उघडा. आता अलीकडे उघडलेल्या ॲपची यादी उघडा. खाली तीन बटणं असतील तर त्यातलं रीसेंट्सचं बटण दाबा, बटणं नसतील तर स्क्रीनच्या तळापासून बोट वर सरकवून क्षणभर तिथेच धरून ठेवा. ॲपची कार्डं दिसू लागली की हव्या त्या कार्डाच्या वर असलेल्या गोल आयकॉनवर टॅप करा. छोटा मेनू उघडतो, त्यात 'Pin' किंवा 'Pin this app' असतं. ते दाबलं की एक सूचना येते आणि तिला होकार दिला की झालं. काही फोनवर आयकॉनऐवजी कार्ड दाबून धरावं लागतं, मग टाचणीचं चिन्ह दिसतं.

इथे एक फसवं चिन्ह आहे. अनेक फोनवर याच कार्डाजवळ कुलूप दिसतं. ते दाबून लोक निर्धास्त होतात. त्या कुलपाचा अर्थ एवढाच की 'सगळी ॲप बंद करा' म्हटल्यावर हे ॲप बंद होऊ नये. सॅमसंगवर त्याच कामाला 'Keep open' म्हणतात. त्याचा पिनशी काही संबंध नाही. खरंच पिन झालं का ते ओळखायला होमवर जाऊन बघा. तुम्ही होमवर पोचलात तर पिन झालेलं नाही. पिन झालं असेल तर तुम्ही जागचे हलत नाही, आणि पिन कसं सोडायचं याची ओळ स्क्रीनवर येते.

सोडायचं असं: तीन बटणांच्या फोनवर मागे जाण्याचं आणि रीसेंट्सचं बटण एकाच वेळी दाबून धरायचं. बटणं नसलेल्या फोनवर तळापासून बोट वर सरकवून धरून ठेवायचं. मग लॉक स्क्रीन येईल, पिन टाका. ही खूण विसरलात तरी घाबरायचं कारण नाही. फोन रीस्टार्ट केला की पिन सुटतं आणि फोन लॉक अवस्थेतच सुरू होतो.

अजून एक बारीक गोष्ट. ॲप पिन असताना पॉवर बटण दाबून स्क्रीन बंद केली आणि पुन्हा चालू केली, तर सहसा लॉक न विचारता तेच ॲप समोर येतं. 'स्क्रीन बंद केली, म्हणजे लॉक झाला' हा रोजचा हिशोब इथे धरू नका. फोन परत घेतला की आधी पिन सोडा, म्हणजे लॉक लागेल.

पिन नेमकं काय अडवतं

पिन करताना येणारी सूचना कुणी वाचत नाही, पण ती वाचण्यासारखी आहे. त्यात लिहिलेलं असतं की तुमची वैयक्तिक माहिती, जसे कॉन्टॅक्ट आणि मेलमधला मजकूर, दिसू शकते, आणि पिन केलेलं ॲप दुसरी ॲप उघडू शकतं. म्हणजे पाहुण्याला ओसरीवर बसवून आतल्या दाराला कडी घातली, तरी ओसरीवर तुम्ही जे पसरून ठेवलंय ते त्याच्या हाताशीच आहे. पिन उरलेला फोन झाकतं. पिन केलेलं ॲप मात्र आतून पूर्ण उघडं असतं.

त्यामुळे 'पिन कसं करायचं' यापेक्षा 'काय पिन करायचं' हा प्रश्न मोठा आहे. व्हॉट्सॲप पिन केलंत तर तुमच्या सगळ्या चॅट त्या हातात दिल्या. फोनचं डायल करायचं ॲप पिन केलंत तर अख्खी कॉल यादी आणि सगळे कॉन्टॅक्ट दिले, शिवाय हवा तो नंबर फिरवायची मोकळीकही दिली. अनोळखी माणसाच्या बाबतीत ही शेवटची गोष्ट सगळ्यात महागात पडू शकते.

अनोळखी माणसाला फोन लावून देताना

डायलरमधून फक्त फोनच लागतो असं नाही. ठरावीक कोड फिरवून तुमच्या नंबरवर येणारे कॉल दुसऱ्या नंबरकडे वळवता येतात. कॉल वळले की कॉलवरून सांगितले जाणारे ओटीपीही तिकडे जातात. मदतीच्या बहाण्याने `*401*` ने सुरू होणारा कोड लोकांकडून फिरवून घेण्याचे प्रकार इतके वाढले, की दूरसंचार विभागाने कंपन्यांना १५ एप्रिल २०२४ पासून अशा कोडने होणारी कॉल फॉरवर्डिंग सेवा थांबवायला सांगितलं. त्यामुळे धोका कमी झाला आहे. तरी अनोळखी माणसाच्या हातात मोकळा कीपॅड देण्याचं काही कारण नाही. असा कोड फिरवताना ॲप पिन आहे की नाही याने काही फरक पडत नाही, कारण तो माणूस पिन केलेल्या ॲपच्या आतच असतो.

म्हणून क्रम असा ठेवा. नंबर त्याला तोंडी विचारा आणि तुम्ही स्वतः फिरवा. नंबरच्या जागी चांदणी किंवा हॅश असलेलं काही सांगू लागला तर तिथेच थांबा. दहा आकडी मोबाइल नंबर किंवा एसटीडी कोडसह लँडलाइन, याखेरीज काही फिरवायचं नाही. घंटा वाजू लागली की स्पीकर चालू करा आणि फोन स्वतःच्या हातात धरून त्याला बोलू द्या. "कुठे आहेस, गाडी चुकली, पुढच्या गाडीने येतो" एवढंच दहापैकी नऊ जणांना सांगायचं असतं. माझं मत विचाराल तर अनोळखी माणसासाठी एवढ्यावरच भागवावं, फोन हातातून सोडूच नये.

पण कधी सोडावा लागतो. स्टँडवर गलका असतो, गाड्यांची घोषणा चालू असते, स्पीकरवरचं ऐकू येत नाही. किंवा समोर एखाद्या आजीबाई असतात, आणि त्यांना मुलाशी चार माणसांत मोठ्याने बोलायचं नसतं. तेव्हा पिनचा खरा उपयोग. समजा तुमचा सॅमसंग फोन आहे आणि स्वारगेटला आजीबाईंनी सांगितलेला मुलाचा नंबर तुम्ही फिरवला. पलीकडून उचलला, स्पीकरवर तुम्ही दोन शब्द बोललात: "तुमच्या आई इथे आहेत, त्यांच्याकडे देतो." आता कॉलची स्क्रीन समोर असतानाच रीसेंट्स उघडा. कॉलचं कार्ड दिसत असेल तर त्याच्या आयकॉनवर टॅप करून 'Pin this app' दाबा. मग स्पीकर बंद करून फोन त्यांच्या हातात द्या. डायलरच्या यादीऐवजी कॉलची स्क्रीन पिन झालेली बरी, कारण तिथे दिसायला फारसं काही नसतं: नंबर, म्यूट, स्पीकर, कीपॅड आणि लाल बटण. तिथेही दुसरा कॉल जोडायचं बटण असतं, तेव्हा नजर ठेवायचीच.

सगळ्या फोनवर हे असंच घडेल असं नाही. कुठे डायल करायचं ॲप आणि कॉलची स्क्रीन ही एकाच ॲपची दोन रूपं असतात, कुठे ती दोन वेगळी ॲप असतात. सॅमसंगवर ती वेगळी आहेत. त्यामुळे काही फोनवर डायलर आधी पिन करून मग नंबर लावला, तर कॉलची स्क्रीन नीट समोर येत नाही. काही फोनवर उलट, चालू कॉलचं कार्ड रीसेंट्समध्ये मिळत नाही. तुमच्या फोनवर काय होतं ते घरच्या दुसऱ्या नंबरवर फोन लावून आजच बघा. आधी कॉल लावून मग पिन करून पाहा, नंतर डायलर पिन करून मग कॉल लावून पाहा. दोन्ही वेळा बघायचं ते एवढंच: कॉल कापायचं लाल बटण हाताशी आहे का, आणि कॉल संपल्यावर फोन कुठे येऊन थांबतो. कॉल संपताच तो तुमच्या कॉल यादीवर येत असेल, तर पुढच्या वेळी कॉल संपायच्या सुमारास हात पुढे करून फोन मागून घ्या.

त्याच बैठकीत आणखी एक चाचणी करा. एखादं साधं ॲप पिन करून दुसऱ्या फोनवरून स्वतःला कॉल लावा. येणारा कॉल उचलता येतो का, नुसती घंटा वाजते, की काहीच कळत नाही, हे फोनगणिक वेगळं असतं. महत्त्वाच्या कॉलची वाट बघत असाल तर हे आधी माहीत असलेलं बरं.

कुणी फोन वापरून गेला आणि मनात शंका राहिली तर `*#21#` फिरवा. तुमचे सगळे कॉल सरसकट दुसरीकडे वळवलेले आहेत का ते स्क्रीनवर दिसतं. वळवलेले असतील तर `##002#` फिरवल्यावर सगळं फॉरवर्डिंग रद्द होतं.

आणि हेही स्पष्ट असू द्या, फोन घेऊन पळणाऱ्याला पिन अडवत नाही. पिन केल्याने तो तुमच्या ॲपमध्ये चटकन शिरणार नाही, पण फोन बंद तर करता येतोच. ती शंका असेल तर फोन देऊच नये.

मोटोरोला, पिक्सेल अशा काही फोनवर याहून नेटका पर्याय असतो, पाहुण्याचं खातं. Settings मध्ये `guest` शोधा. त्या खात्यात तुमची ॲप, फोटो काहीच नसतं, आणि पाहुण्याला फोन लावू द्यायचा की नाही याचं वेगळं बटण असतं. ते चालू केलं तर मात्र कॉल यादी पाहुण्यालाही दिसू शकते. खातं बदलायला थोडा वेळ जातो, म्हणून घाईत ते सुचत नाही. पण पाहुणा तासभर फोन वापरणार असेल तर तेच योग्य. सॅमसंगच्या फोनवर ही सोय नसते.

मुलाच्या हातात देताना

मुलाच्या बाबतीत काळजी वेगळी. त्याला काही चोरायचं नसतं, त्याला सगळं दाबून बघायचं असतं. व्हॉट्सॲपवर आजीचा व्हिडिओ कॉल चालू असताना व्हॉट्सॲप पिन केलं तर यूट्यूब, गेम, कॅमेरा हे सगळं बंद होतं, आणि निम्मं काम तिथेच होतं. पण मागे जाण्याचं बटण दाबलं की कॉल कोपऱ्यात लहान होतो आणि चॅटची यादी समोर येते. तिथून पुढे सोसायटीच्या ग्रुपवर व्हॉइस मेसेज जायला वेळ लागत नाही. व्हॉट्सॲपच्या आतली ही वाट पिनने बंद होत नाही.

यावर सोपा तोडगा म्हणजे मुलासाठी कॉलचं वेगळं ॲप ठेवणं. गूगल मीट बहुतेक अँड्रॉइड फोनवर आधीपासून असतं. आजीच्या फोनवरही ते सुरू करून द्या आणि नातवाचे कॉल तिथूनच लावा. मीट पिन केलं की मुलाने कितीही दाबादाबी केली तरी फार तर कॉल कापला जाईल किंवा दुसऱ्या कुणाला लागेल. तुमच्या चॅट, फोटो, मेल त्याच्या वाटेतच येत नाहीत. आजीला नवीन ॲप शिकवायचा कंटाळा असेल तर निदान व्हॉट्सॲप पिन करून शेजारी बसा. कॉल सुरू होऊन स्थिर झाल्यावर पिन करा, आधी नको. आधी केलं तर आजीचा येणारा कॉल उचलण्यातच घोळ होऊ शकतो.

लाल बटणावर बोट पडून कॉल कटणं अँड्रॉइडच्या पिनने थांबत नाही. आयफोनवर मात्र तेही जमतं. तिथे या सोयीचं नाव 'Guided Access'. Settings, मग 'Accessibility', मग 'Guided Access' असं जाऊन ते चालू करा आणि त्याच पानावर त्यासाठी वेगळा पासकोड ठरवा. ॲप उघडून बाजूचं बटण तीनदा दाबलं की ते सुरू होतं. जुन्या, होम बटण असलेल्या आयफोनवर होम बटण तीनदा दाबायचं. सुरू करताना स्क्रीनच्या ज्या भागाभोवती बोटाने गोल काढाल तो भाग स्पर्शाला दाद देत नाही, म्हणजे लाल बटणाभोवती गोल काढला की झालं. पर्यायांमध्ये सगळा स्पर्श बंद करता येतो, आवाजाची बटणं बंद करता येतात आणि वेळेची मर्यादाही घालता येते. सोडायला पुन्हा तीनदा दाबून पासकोड. हा पासकोड फोनच्या पासकोडपेक्षा वेगळा ठेवलात तर कुठेतरी लिहून ठेवा, कारण तो महिन्यातून एखाद्या वेळी लागतो आणि नेमका तेव्हाच आठवत नाही.